आधी प्लंबर, मग आरओ : घरी येणाऱ्या कामांचा आठवडा कसा लावायचा

कामवाल्या मावशी, प्लंबर, गॅसवाला आणि सर्व्हिसिंगचा माणूस, या सगळ्यांची कामं एकाच आठवड्यात आली की बहुतेक जण एक रजा टाकतात आणि सगळ्यांना त्याच दिवशी यायला सांगतात. ऐकायला सोयीचं वाटतं, पण हाच बेत सगळ्यात लवकर फिसकटतो. सकाळी येतो म्हणालेला प्लंबर संध्याकाळी उगवतो. तोपर्यंत आरओवाला नवीन फिल्टर बसवून निघून गेलेला असतो. मावशींनी सकाळीच पुसून घेतलेल्या फरशीवर दुपारी एसीचं काळं पाणी सांडतं. सिलिंडर त्या दिवशी येतच नाही, तो दुसऱ्या दिवशी कुलूप लावलेल्या दारापुढे येऊन परत जातो.

याचं कारण असं की या चौघांची वेळ देण्याची पद्धत एकसारखी नसते आणि त्यांची कामंही एकमेकांपासून सुटी नसतात. कोण किती भरवशाचं आणि कोणाचं काम कोणाच्या आधी व्हायला हवं, हे दोन प्रश्न सोडवले की कुठला वार कोणाला द्यायचा हे आपोआप ठरतं.

कोणाची वेळ किती पक्की

मावशींची वेळ सगळ्यात पक्की असते. साडेआठ म्हणजे साडेआठ, कारण साडेनऊला त्यांना पुढच्या घरी जायचं असतं. म्हणूनच ती वेळ हलवणं सगळ्यात अवघड. आपल्याकडचा एक तास पुढे ढकलला की त्यांची पुढची सगळी घरं ढकलली जातात. आठवडा आखताना मावशींची वेळ आहे तशी धरायची. बदल हवाच असेल तर दोन दिवस आधी विचारायचं आणि त्या नाही म्हणाल्या तर तो विषय तिथेच सोडायचा.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची वेळ निम्मी पक्की. तक्रार नोंदवली की मेसेज येतो, त्यात तारीख आणि बहुतेकदा दोन-तीन तासांची वेळ असते. पण त्या माणसाला त्या दिवशी आणखी बरीच घरं करायची असतात आणि एका घरात कॉम्प्रेसरचं दुखणं निघालं की पुढचे सगळे मागे पडतात. त्याचा सकाळी फोन आला की ‘कधी येणार?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘येतोच’ असतं. ‘माझ्या आधी किती घरं आहेत?’ असं विचारा. तीन आहेत म्हणाला तर दुपार धरायची.

प्लंबरची वेळ म्हणजे त्याचा शब्द. तो खोटं बोलतो असं नाही. कुठे पाइप फुटला तर त्याला तिकडे धावावंच लागतं आणि आपला गळका कॉक एक दिवस थांबू शकतो हे त्यालाही माहीत असतं. शिवाय बरेच प्लंबर दहाच्या पुढे मोठ्या कामाच्या साइटवर असतात. घरातलं किरकोळ काम त्यांना सकाळी साडेआठ-नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर सोयीचं पडतं. ‘गुरुवारी दुपारी या’ म्हणण्यापेक्षा ‘मंगळवारी साइटवरून परत जाताना या’ म्हटलं, तर तो येण्याची शक्यता जास्त.

सिलिंडरला मात्र वेळच नसते. बुकिंग आपण करतो, पण गाडी आपल्या भागात कधी फिरेल हे एजन्सीच्या हातात. म्हणून सिलिंडरसाठी कधीच घरी थांबायचं नाही. आपण घरी नसताना तो नीट तपासून कसा घेतला जाईल, याची सोय करायची.

एवढ्यावरून पहिला नियम निघतो. ज्याच्या येण्याचा भरवसा कमी, त्याला आठवड्यात लवकरचा वार द्यायचा. ज्यांची कामं त्याच्यावर अवलंबून, त्यांना नंतरचा. आणि मध्ये एक दिवस मोकळा ठेवायचा, म्हणजे प्लंबर मंगळवारी नाही आला तरी बुधवार हातात राहतो आणि गुरुवारचं काहीच बिघडत नाही.

पाण्याची वाट धरून क्रम लावा

दुसरा प्रश्न कामांच्या क्रमाचा. तो ठरवायला पाणी घरात कुठून येतं आणि कुठे जातं एवढं डोळ्यांपुढे आणलं की पुरे.

पाइपच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षं गंज, क्षार आणि टाकीतली बारीक रेती धरलेली असते. मेन कॉक बंद करून जुना कॉक काढला, पाना फिरवताना पाइपला हिसके बसले आणि पाणी पुन्हा जोरात सोडलं, की तो सगळा थर सुटतो आणि पाण्याबरोबर पुढे जातो. पुढे म्हणजे नळाच्या तोंडाच्या जाळीत, वॉशिंग मशीनच्या मागच्या जाळीत आणि आरओच्या बाहेर लावलेल्या पांढऱ्या प्री-फिल्टरमध्ये. सोमवारी आरओचे फिल्टर बदलले आणि बुधवारी प्लंबरने लाइन उघडली, तर नवा कोरा प्री-फिल्टर एका दिवसात तपकिरी होतो. आरओवाल्याला दोष देता येत नाही, प्लंबरलाही नाही. क्रम उलटा लागलेला असतो.

म्हणून पाणी जिथून येतं तिथलं काम आधी, त्या पाण्यावर चालणारी यंत्रं नंतर आणि साफसफाई सगळ्यांच्या शेवटी. एसीचा आपल्या नळाच्या लाइनशी संबंध नाही, पण जेट पंपाने धुताना त्यातून जे काळं पाणी निघतं त्यामुळे त्याची जागाही झाडू-पोछ्याच्या आधीच. प्लंबरच्या कामात फरशी किंवा टाइल फोडायची असेल, तर वाळण्याचा वेळही धरावा लागतो. व्हाइट सिमेंट असो की सिंकच्या कडेचं सिलिकॉन, त्यावर चोवीस तास पाणी न पडलेलं बरं. म्हणजे ती मोरी किंवा तो सिंक दुसऱ्या दिवशी मावशींना वापरता येणार नाही, आणि हे त्यांना आल्यावर नाही तर आदल्या दिवशीच सांगायला हवं.

एक आठवडा, प्रत्यक्षातला

हे सगळं कसं बसतं ते माझ्या ताईच्या घरच्या एका आठवड्यावरून सांगतो. फेब्रुवारीचा शेवट होता. ताई आणि भावजी दोघंही नोकरी करतात. ताईला गुरुवारी घरून काम करता येतं. मावशी रोज साडेआठला येतात, रविवारी सुट्टी. साचलेली कामं अशी होती : किचनच्या सिंकखालचा अँगल कॉक गळत होता आणि फिरतही नव्हता. आरओच्या फिल्टरची मुदत संपली होती. उन्हाळ्याआधी एसी धुऊन घ्यायचा होता. वॉशिंग मशीनमध्ये पाणी फार हळू भरत होतं. त्यातच शनिवारी रात्री सिलिंडर संपला.

*शनिवार.* घरात दोन सिलिंडर होते, म्हणून दुसरा लावला आणि त्याच रात्री बुकिंग करून पैसेही ऑनलाइन भरले. ही सवय फार महत्त्वाची आहे. दुसरा सिलिंडर लावला की निवांत वाटतं आणि बुकिंग राहून जातं, मग तोही संपत आल्यावर धावपळ होते. पहिला संपला त्याच दिवशी बुकिंग केलं, तर गाडी दोन दिवसांनी येवो की आठ, स्वयंपाक अडत नाही. एकच सिलिंडर असेल तर तो लावल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. दोन-तीन वेळा लिहिलं की आपल्या घरात तो किती दिवस जातो हे कळतं, आणि तेवढ्या दिवसांच्या आठवडाभर आधी बुकिंग करायचं. दोन बुकिंगमध्ये किती दिवसांचं अंतर लागतं याचे नियम अधूनमधून बदलतात, ते एजन्सीकडे विचारून घ्यावं. दुसऱ्या सिलिंडरसाठीही एजन्सीकडेच अर्ज करता येतो. ज्या घरात दिवसा कोणी नसतं त्यांनी तो करावाच.

*रविवार.* या दिवशी कोणालाही बोलवायचं नव्हतं. फक्त बघायचं आणि ठरवायचं होतं.

आधी वॉशिंग मशीन. पाणी हळू भरतं म्हणजे बहुतेक वेळा मागची जाळी तुंबलेली असते. मशीनचा प्लग काढला, नळ बंद केला, मशीनच्या मागचा पाण्याचा पाइप हाताने फिरवून सोडवला. आत बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळी असते, ती पक्कडीने अलगद ओढली. तिच्यावर शेवाळी रंगाचा, रेतीमिश्रित थर बसला होता. जुन्या टूथब्रशने नळाखाली घासली, परत बसवली आणि मशीन पूर्वीसारखं भरू लागलं. एक फेरी वाचली, भेटीचे पैसेही वाचले. सर्व्हिस सेंटरला फोन करण्याआधी माहितीपुस्तिकेत घरी करण्याजोगं काही आहे का ते बघून घ्या, कारण नुसत्या जाळीसाठी माणूस आला तरी भेटीचे पैसे पडतात.

मग सिंकखालचा कॉक. प्लंबर येण्याआधी तपासायची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे घरचा मेन कॉक खरंच बंद होतो का. तो बंद करायचा, मग किचनचा नळ पूर्ण सोडायचा. मिनिटाभरात धार थांबली तर मेन कॉक धरतोय. बारीक धार चालूच राहिली तर तो आतून झिजलेला आहे आणि गच्चीवरून लाइन बंद करावी लागेल. त्याचा अर्थ सोसायटीचा पंप बघणारा माणूस ज्या वेळेला असतो तीच प्लंबरची वेळ धरावी लागते आणि त्याच लाइनवरच्या वरच्या-खालच्या घरांना आधी सांगावं लागतं. हे रविवारी कळलं तर एक फोन पुरतो. प्लंबर दारात उभा असताना कळलं तर त्याची ती फेरी वाया जाते. ताईचा मेन कॉक नीट धरत होता.

त्यानंतर सिंकखाली टॉर्च धरून दोन फोटो काढले, एक जवळून आणि एक सगळी जोडणी दिसेल असा, आणि संध्याकाळी सातनंतर प्लंबरला पाठवून फोन केला. त्याला दोनच गोष्टी विचारायच्या असतात : काय सामान लागेल आणि ते कोण आणणार. फोटोवरूनच त्याने सांगितलं की अर्ध्या इंचाचा अँगल कॉक लागेल, नळाकडे जाणारा अठरा इंची कनेक्शन पाइपही कडक झालाय, तो बदलून टाकू आणि आरओची नळी तिथूनच निघते, तिचा छोटा कॉकही बघावा लागेल. सामान आपणच आणायचं ठरलं. हे ठरलं नाही तर प्लंबर येतो, बघतो, दुकानात जातो आणि मध्येच त्याला दुसरा फोन येतो. कॉक पितळी घ्यावा. बिल जपून ठेवावं, म्हणजे माप चुकलं तर बदलून मिळतो. वेळ ठरली मंगळवारी संध्याकाळी साडेसहा, नाहीतर बुधवारी त्याच वेळेला. ‘नाहीतर’चा दिवस फोनवरच ठरवून टाकला की मंगळवारी वाट बघण्यात जीव अडकत नाही.

*सोमवार.* ऑफिसातून येताना ताईने सामान आणलं. आरओ आणि एसी, दोन्ही सर्व्हिस सेंटरला गुरुवारची वेळ मागितली. एसीला सकाळी दहा ते बारा, आरओला दुपारी दोन ते चार. नंबर वॉरंटी कार्डावरून घेतला. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या कस्टमर केअरच्या नंबरांत खोटेही असतात. तिथून ‘आधी थोडे पैसे भरा’, ‘हे ॲप डाउनलोड करा’ असं सुरू झालं की फोन ठेवून द्यायचा. बोलताना मॉडेल नंबर, खरेदीची तारीख आणि वॉरंटी किंवा एएमसी आहे की नाही एवढं समोर असावं. तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा.

मावशींशी काय बोलायचं

सोमवारी सकाळीच ताईने मावशींना आठवडा सांगितला. मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी सिंकखाली काम आहे, त्यामुळे तिथला डबा, साबण, घासणी गॅलरीत दिसेल. गुरुवारी एसी धुणार आहेत, त्यामुळे सकाळी फक्त भांडी करा आणि जमलं तर चार वाजता येऊन हॉल आणि बेडरूम झाडून-पुसून घ्या, त्याचे वेगळे पैसे देते. मावशी म्हणाल्या, “चारला नाय जमायचं ताई, पाचला येते, नातीला शाळेतून आणायचंय.” पाच ठरलं.

इथे दोन गोष्टी मला मनापासून सांगाव्याशा वाटतात. रोजच्या पगारात न बसणारं काम सांगताना पैशांचं आधी बोलावं, काम झाल्यावर नाही. एसीच्या चिखलाची फरशी म्हणजे रोजचा पोछा नव्हे. दुसरं, मावशी घरी आहेतच म्हणून त्यांच्या भरवशावर प्लंबरला किंवा टेक्निशियनला बोलावू नये. अनोळखी माणसाबरोबर बंद घरात एकटं थांबणं हे त्यांचं काम नाही. तो ‘हा पार्ट बदलावा लागेल, हो म्हणू का?’ असं विचारील तेव्हा उत्तर द्यायची जबाबदारीही त्यांच्यावर पडते आणि नंतर काही बिघडलं तर बोलही त्यांनाच लागतो. आपण नसू तर त्या दिवशी ते काम ठेवायचंच नाही.

मावशींची सुट्टीही आधीच विचारून घ्यावी. गणपती, होळी, गावची जत्रा या दिवसांत त्या गावी असू शकतात, आणि मे महिन्यात तर प्लंबरही गावी जातो. मोठं काम त्या दिवसांत काढू नये.

प्लंबर येतो तेव्हा

*मंगळवारी* तो आला नाही. सव्वासातला फोन केल्यावर कळलं, दुसरीकडे टाकीचं काम लांबलंय. बुधवार ठरलेलाच होता.

*बुधवारी* पावणेसातला आला. त्याआधी ताईने एक बादली आणि दोन पातेली पाणी भरून ठेवलं होतं, कारण मेन कॉक बंद झाला की संडासच्या फ्लशपासून सगळं थांबतं. सिंकखालचा पसारा काढून तिथे जुनं फडकं अंथरलं होतं. आरओचा प्लग काढला होता आणि त्याच्या नळीवरचा कॉक बंद केला होता. हे शेवटचं विसरू नये, का ते पुढे येतंच.

काम अर्ध्या तासाचं होतं. जुना कॉक काढला, भिंतीतल्या आट्यांमधली घाण पुसली, नव्या कॉकच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळला आणि कॉक बसवला. टेप आटे ज्या दिशेने घट्ट होतात त्या दिशेने गुंडाळायचा असतो, उलटा गुंडाळला तर बसवताना सुटून येतो. जोड नवा असतानाच परत गळू लागला तर बहुतेकदा कारण हेच असतं, किंवा पाना जास्त आवळून चीर गेलेली असते.

यानंतरची दहा मिनिटं फार मोलाची असतात आणि बरेच प्लंबर ती देत नाहीत, आपण मागून घ्यावी लागतात. ताईने त्याला सांगून किचनच्या नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढली. मेन कॉक हळूहळू उघडायला लावला. मग नळाखाली पांढरी बादली धरून दोन-तीन मिनिटं पाणी जाऊ दिलं. पहिल्या बादलीच्या तळाशी काळे-तपकिरी कण आणि गंजाचा एक पापुद्रा दिसला. दुसरी बादली जवळजवळ स्वच्छ आली. आरओचा कॉक उघडा राहिला असता तर हे सगळं सरळ त्याच्या प्री-फिल्टरमध्ये गेलं असतं. पाणी स्वच्छ आल्यावर नळाची जाळी परत बसवली आणि मग आरओचा कॉक उघडला. आरओचे फिल्टर दुसऱ्या दिवशी बदलायचेच होते, तरी त्या रात्री पिण्यासाठी आणि साठवण्यासाठी तो चालवायचा होता, म्हणून ही काळजी.

प्लंबरला पैसे देताना ताईने एवढंच म्हटलं, “दादा, शनिवारपर्यंत बघते. ओल दिसली तर फोन करीन.” त्याने हो म्हटलं. जाण्याआधी त्याने जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा तुकडा पसरून ठेवला. बारीक गळती हाताला लागत नाही, पण रात्रभरात कागदावर डाग उमटतो.

घरी कोणी नसताना सिलिंडर

त्याच बुधवारी दुपारी, सगळे बाहेर असताना, सिलिंडर आला. याची तयारी सोमवारपासून होती. शेजारच्या काकू दिवसभर घरी असतात. त्यांना विचारून रिकामा सिलिंडर टोपी लावून त्यांच्याकडे ठेवला होता. पैसे आधीच भरलेले असल्यामुळे काकूंना रोख द्यायची नव्हती. डिलिव्हरीवाल्याला शेजारचा फ्लॅट नंबर फोन करून कळवला होता.

खरी अडचण कोडची असते. बुकिंगनंतर नोंदवलेल्या मोबाइलवर डीएसी, म्हणजे डिलिव्हरीचा कोड येतो आणि तो सांगितल्याशिवाय डिलिव्हरी पूर्ण झाल्याची नोंद होत नाही. हा नंबर ऑफिसात बसलेल्या माणसाचा असतो. कोड आधीच शेजाऱ्यांना देऊन ठेवणं सोपं, पण मग तपासणीवरचा आपला ताबा जातो. ताईने काकूंना सांगितलं होतं की सिलिंडर आला की मला फोन करा, तपासणी झाली की मी फोनवरच कोड सांगते.

तपासणी तीन गोष्टींची. पहिली, तोंडाचं सील शाबूत आहे का. दुसरी, वजन. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर त्याचं रिकामं वजन लिहिलेलं असतं. त्या दिवशीच्या सिलिंडरवर 15.6 होतं. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस 14.2 किलो असतो. दोन्हींची बेरीज 29.8. डिलिव्हरीवाल्याजवळ वजनकाटा असायला हवा, तो मागायचा आणि आकडा जुळतोय का बघायचं. तिसरी, त्याच पट्टीच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे जून अखेर, सी म्हणजे सप्टेंबर अखेर, डी म्हणजे डिसेंबर अखेर. त्या तारखेपर्यंत सिलिंडरची पुढची चाचणी व्हायला हवी असते. तारीख उलटून गेलेली असेल तर तो सिलिंडर घ्यायचा नाही, दुसरा मागायचा. काकूंनी तिन्ही गोष्टी वाचून दाखवल्या आणि मग ताईने कोड सांगितला. घरपोच आणण्याचा खर्च बिलातच धरलेला असतो, त्यामुळे बिलावरच्या रकमेपेक्षा जास्त देण्याची गरज नसते.

व्हॉल्व्हची गळती तपासणं मात्र सिलिंडर घरी आणल्यावर ताईने स्वतः केलं. सील काढून व्हॉल्व्हच्या तोंडात थोडं पाणी टाकायचं. बुडबुडे आले तर गळती आहे, टोपी परत घट्ट लावून एजन्सीला कळवायचं. जोडलेल्या रेग्युलेटरजवळ साबणाचं पाणी लावून बघायचं. काडी ओढून कधीही बघायचं नाही. गॅसचा वास पसरला असेल तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या कोणत्याही बटणाला हात नाही आणि बाहेर जाऊन 1906 वर फोन.

गुरुवार : थांबायचा दिवस

बुधवारी रात्रीच दोन हंडे पिण्याचं पाणी भरून ठेवलं होतं. नवीन कार्बन फिल्टर बसवल्यावर पहिल्या पाण्यात काळी पूड येते, म्हणून आरओची पहिली टाकी ओतून द्यायची असते. टाकी परत भरायला वेळ लागतो, तोवर घरात प्यायला पाणी हवं.

एसीवाला अकराला आला. बेडवर जुनी चादर टाकलेली होती, खालचं टेबल हलवलेलं होतं, बादली आणि जवळचा प्लग पॉइंट मोकळा होता. धुण्याआधी त्याच्यासमोर एसी पंधरा मिनिटं चालवून दाखवला. गार होतोय, आवाज नाही, पाणी आत ठिबकत नाही, हे त्याने स्वतः बघितलं. यामुळे एक नेहमीचा वाद टळतो. धुऊन झाल्यावर ‘गॅस कमी आहे, भरावा लागेल’ असं ऐकू येतं. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. तेव्हा ‘आधी गळती कुठे आहे ते दाखवा’ असं म्हणायचं. आधी गार होत होता आणि धुतल्यावर होत नसेल, तर काम पूर्ण झालेलं नाही.

धुऊन झाल्यावर आतल्या ट्रेमध्ये मगभर पाणी ओतायला सांगितलं आणि गॅलरीतल्या पाइपमधून ते बाहेर पडताना बघितलं. हा पाइप तुंबलेला राहिला तर पहिल्याच उकाड्यात भिंतीवरून पाणी ओघळतं.

मग त्याने ओटीपी मागितला. काम संपल्याची नोंद त्या ओटीपीने होते. एकदा दिला की तक्रार बंद आणि पुन्हा बोलवायचं तर नवी तक्रार, कदाचित नवे पैसे. म्हणून तो सगळं चालवून बघितल्यावरच द्यायचा. “पुढे जायचंय” म्हणून घाई केली तरी पाच मिनिटं थांबायला सांगायचं.

आरओवाला तीनला आला. फिल्टर बदलण्याआधी त्याच्या टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, दोन आकडे बघितले, नळाच्या पाण्याचा आणि आरओमधून येणाऱ्या पाण्याचा. दोन्हींत मोठा फरक असेल तर मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, ठीक आहे, तो बदलायची गरज नाही. आकडे जवळजवळ आले असतील तर तो गेलाय. मेम्ब्रेन हा आतला महाग भाग असल्याने, नुसत्या ‘दोन वर्षं झाली ना’वर तो बदलू देऊ नये. त्याच्या जॉब शीटवर दोन्ही आकडे लिहून घेतले. पुढच्या वेळी तुलना करता येते. काढलेले जुने फिल्टर तिथेच ठेवायला सांगितले. बाहेरचा प्री-फिल्टर तपकिरी होता, पण वर्षभराच्या वापराने. नव्याला आदल्या संध्याकाळच्या कामातली रेती लागणार नव्हती.

पाचला मावशी आल्या तेव्हा दोन्ही माणसं निघून गेली होती आणि खोल्यांमध्ये पाय ठेवायला जागा होती. त्यांनी एसीखालची भिंत, बेडखालचा भाग आणि सिंकखालची जागाही पुसून घेतली. ठरलेले पैसे ताईने त्याच दिवशी हातात दिले.

शुक्रवारी सकाळी सिंकखालचा कागद कोरडा होता, शनिवारी एका कोपऱ्याला ओलसर डाग दिसला. नव्या कनेक्शन पाइपची नट थोडी सैल होती. प्लंबरला त्याच सकाळी फोन गेला आणि साइटवर जाता जाता साडेआठला येऊन त्याने ती अर्धा फेरा आवळली. पैसे घेतले नाहीत. ताईने कागद बदलला आणि कॅलेंडरवर चार नोंदी केल्या : सिलिंडर लावल्याची तारीख, आरओचे फिल्टर बदलल्याची तारीख आणि टीडीएसचे दोन आकडे, एसी धुतल्याची तारीख आणि अँगल कॉकच्या बिलाचा फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते.